नकार वेळेवर कळवा, पुढची वाट नेमकी सांगा

मिळालेली ऑफर नाकारायची वेळ आली की लोक बहुधा एका ठरलेल्या मसुद्याकडे वळतात. सुरुवातीला आभार, मग ‘बराच विचार केल्यानंतर’, मग ‘वैयक्तिक कारणांमुळे’ आणि शेवटी ‘भविष्यात पुन्हा संधी मिळेल अशी आशा आहे’. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या भरतीचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि असे मेल सतत वाचत आले आहे. त्यांत उद्धटपणा क्वचितच असतो. आभारही मनापासून मानलेले असतात. तरीही नवी जागा निघाल्यावर या लोकांपैकी फार थोड्यांना आमच्याकडून आपणहून फोन जातो. हा आकसाचा भाग नाही. मेल एक तर आमच्या हातातून वेळ निघून गेल्यावर आलेला असतो, किंवा त्यातून पुढे वापरता येईल असं काहीच कळत नाही. रिक्रूटरशी संबंध टिकतो तो शब्दांच्या गोडव्यामुळे नाही, असं माझं ठाम मत आहे. तो टिकतो नकार कधी कळवला, कारण किती स्पष्ट दिलं आणि पुढे कुठल्या कामासाठी बोलवावं हे किती नेमकं सांगितलं, या तीन गोष्टींमुळे. नम्रता हवीच. पण या तीन गोष्टी नसतील तर नुसत्या नम्रतेने काही साधत नाही.

हे पटायला ऑफर लेटर निघतं तेव्हा कंपनीत काय काय झालेलं असतं हे समजून घ्यावं लागेल. एक जागा भरायला मंजुरी मिळते, तिला आमच्याकडे रिक्विझिशन म्हणतात. हायरिंग मॅनेजर, त्याचा वरिष्ठ आणि फायनान्स यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केलेलं असतं. मुलाखतींच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एका उमेदवाराचं नाव पक्कं होतं आणि त्याच्या नावाने पगाराची स्वतंत्र मंजुरी घेतली जाते. त्याच वेळी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, म्हणजे बॅकअप, थांबवून ठेवलेला असतो. त्याला होही म्हटलेलं नसतं आणि नाहीही म्हटलेलं नसतं. ‘अजून फीडबॅकची वाट पाहतोय’ असं सांगून आम्ही त्याला धरून ठेवतो, पण तो काही आमच्यासाठी जन्मभर थांबणार नसतो. आठ-दहा दिवसांत तो दुसरीकडे वळतो. शिवाय आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांत नोटिस पिरियड 60 ते 90 दिवसांचा असतो. म्हणजे आज बॅकअपला ऑफर दिली तरी तो दोन-तीन महिन्यांनी रुजू होणार. पहिल्या उमेदवाराच्या नकाराला एक आठवडा उशीर झाला तर केवळ तो आठवडा वाया जात नाही. बॅकअपही हातचा गेला तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो, आणि आर्थिक वर्ष संपत आलं असेल तर ती रिक्विझिशनच गोठवली जाण्याची भीती असते.

एक उदाहरण तपशिलात पाहू. ते रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट या धंद्यात रोज घडते. सहा वर्षं अनुभव असलेली एक डेटा इंजिनिअर निगडीला राहते. सध्याचा पगार वर्षाला 14 लाख. खराडीतल्या एका कंपनीने तिला सोमवारी 18 लाखांची ऑफर पाठवली आणि उत्तरासाठी शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. हिंजवडीतल्या दुसऱ्या कंपनीशीही तिचं बोलणं शेवटच्या टप्प्यात होतं. बुधवारी दुपारी तिथलंही ऑफर लेटर आलं, आकडा जवळपास तेवढाच. खराडीतलं काम मुख्यतः रात्री चालणाऱ्या बॅच प्रक्रियांचं आणि रिपोर्टिंगचं होतं. हिंजवडीतलं काम काफ्का वापरून सतत येणारा डेटा हाताळण्याचं होतं, आणि तिला त्याच दिशेला जायचं होतं. बुधवारी रात्री तिचा निर्णय झाला. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, गुरुवारी सकाळी कळवायचं. दुसरी, शुक्रवारची मुदत तशीच उलटू द्यायची आणि सोमवारी रिक्रूटरचा फोन आला की सांगायचं, किंवा फोन न उचलता मंगळवारी मेल टाकायचा. दोन्हींतलं अंतर जेमतेम चार-पाच दिवसांचं आहे. पण पहिल्या वाटेवर रिक्रूटर गुरुवारी दुपारीच बॅकअपशी बोलू शकते आणि शुक्रवारी हायरिंग मॅनेजरला पर्यायासकट बातमी देऊ शकते. दुसऱ्या वाटेवर तिला मंगळवारी मॅनेजरपुढे रिकाम्या हाताने उभं राहावं लागतं. त्या मंगळवारच्या मेलची भाषा कितीही सुंदर असली तरी रिक्रूटरच्या लक्षात तो रिकामा आठवडाच राहतो.

इथे एक सावधगिरी हवी. निर्णय झाल्याबरोबर कळवा असं मी म्हणते, तेव्हा निर्णय म्हणजे दुसरं ऑफर लेटर लेखी हातात आलेलं असणं. ‘तुमचं सिलेक्शन झालंय, लेटर दोन दिवसांत येईल’ हे फोनवरचं वाक्य ऑफर नव्हे. पगाराची मंजुरी अडकते, जागा गोठते आणि ते लेटर कधीच येत नाही, असं होतं. लेटर आल्यावरही निश्चित पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती, जॉइनिंग बोनस परत करायची अट आहे का, हे वाचल्याशिवाय पहिल्या ऑफरला नकार कळवू नये. मग पहिल्या कंपनीची मुदत आधी संपत असेल तर काय करायचं? सरळ मुदत वाढवून मागायची. एकदाच, आणि नेमकी तारीख सांगून: ‘बुधवारपर्यंत माझा निर्णय नक्की कळवते.’ ही विनंती कुणाला खटकत नाही, कारण बॅकअपला किती दिवस थांबवायचं हे त्यातून कळतं. खटकतं ते दर दोन दिवसांनी ‘अजून थोडा वेळ’ मागणं.

मुदत मागण्याऐवजी बरेच जण दुसरा मार्ग धरतात. आत्ता स्वीकारून ठेवू, जॉइनिंगला तीन महिने आहेत, तोवर बरं काही मिळालं तर सोडून देऊ. नोटिस पिरियड लांब असल्यामुळे हा मोह फार मोठा असतो. कायदा आडवा येत नाही, असंही सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे स्वीकार कळवला की करार होतो. पण कुणाला जबरदस्तीने कामावर रुजू व्हायला न्यायालय लावत नाही, कारण व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेला करार प्रत्यक्षात पुरा करून घेण्याचा आदेश विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 खाली देता येत नाही. ऑफर लेटरमध्ये नुकसानभरपाईच्या किंवा आगाऊ दिलेली रक्कम परत करण्याच्या अटी असतील, तर त्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. पण इथे प्रश्न कोर्टाचा नाही, कंपनीच्या नोंदीचा आहे. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारण्याआधी नकार देणारा ‘ऑफर डिक्लाइन्ड’ म्हणून नोंदला जातो. स्वीकारून न येणारा ‘रिनेग’ किंवा ‘नो शो’ म्हणून नोंदला जातो. पहिली नोंद निरुपद्रवी आहे, उलट मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार केल्याचा तो पुरावाच आहे. मुलाखतीत नापास झालेल्याला पुन्हा अर्ज करण्याआधी अनेक कंपन्यांत सहा महिन्यांचा कूलिंग पिरियड असतो. ऑफर नाकारणाऱ्याला सहसा तो लागू होत नाही. दुसरी नोंद मात्र त्याच कंपनीच्या कुठल्याही शहरातल्या रिक्रूटरला तुमचं नाव शोधल्याबरोबर दिसते, आणि तुम्हाला पुन्हा का घ्यावं हे त्याला वरच्यांना समजावून सांगावं लागतं. तो त्रास बहुतेक जण घेत नाहीत. स्वीकारल्यानंतर परिस्थिती खरोखरच बदलली, तर त्याच दिवशी कळवा. त्याने झालेलं नुकसान भरून निघत नाही, पण कमी होतं. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणं हा मात्र ते दार कायमचं लावून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तुम्ही ज्यांच्याशी बोलता ते रिक्रूटर कंपनीचे आहेत की कन्सल्टन्सीचे, यावरही मेल कुणाला जावा हे ठरतं. कंपनीच्या रिक्रूटरचं काम ऑफर दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले यावर मोजलं जातं. कन्सल्टन्सीला तर पैसेच उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात. आपल्याकडे बऱ्याच वेळा हा मोबदला वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा असतो. आपल्या उदाहरणातल्या 18 लाखांवर ती रक्कम सुमारे दीड लाख होते. तुमच्या नकाराने ती बुडते, म्हणून कन्सल्टन्सीच्या माणसाचा सूर क्षणभर बदलला तर ते मनाला लावून घेऊ नका. पण हाच माणूस एकाच वेळी पाच-सहा कंपन्यांच्या जागा भरत असतो, त्यामुळे पुढच्या वेळी उपयोगी पडण्याची शक्यता त्याच्याकडूनच जास्त. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर नकार आधी त्यांना कळवा, आणि ऑफर लेटर ज्या कंपनीच्या पत्त्यावरून आलं त्या एचआरला त्याच मेलची प्रत ठेवा. एकाला कळवून दुसऱ्याला अंधारात ठेवलं की दोघांत विसंवाद होतो आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं.

आता कारणाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त मेल इथेच फसतात. नकार नोंदवताना सॉफ्टवेअर आम्हाला कारण निवडायला लावतं. पगार, कामाचं स्वरूप, ठिकाण, सध्याच्या कंपनीची काउंटर ऑफर, दुसरी ऑफर, इतर, अशी ती यादी असते. ‘वैयक्तिक कारण’ लिहिणारा उमेदवार ‘इतर’ या रकान्यात जाऊन पडतो. वर्षभराने कुणी जुन्या उमेदवारांची यादी चाळली तर त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. पगार वाढवला तर येईल? हिंजवडीत जागा असेल तर येईल? की पुणंच सोडून गेला? आपल्या डेटा इंजिनिअरने ‘मला सतत येणाऱ्या डेटावर काम करायचं आहे’ असं लिहिलं, तर तशी जागा निघाल्यावर तिचं नाव शोधून काढायला एक धागा मिळतो. म्हणून माझा आग्रह असा की कारण खरं द्या, एकच मुख्य कारण द्या आणि ते एका वाक्यात द्या. खरं अशासाठी की दोन महिन्यांनी तुमच्या लिंक्डइनवर नव्या कंपनीचं नाव दिसणारच आहे. घरच्या अडचणीचं कारण सांगणाऱ्याच्या पानावर ते दिसलं की त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास राहत नाही. एकच अशासाठी की चार कारणं दिली की त्यातलं निर्णायक कुठलं ते कळत नाही आणि वाचणाऱ्याला सगळीच सबबी वाटू लागतात. एका वाक्यात अशासाठी की लांबलेलं स्पष्टीकरण वाटाघाटीचं आमंत्रण ठरतं.

यावर येणारा आक्षेप रास्त आहे. खरं कारण सांगण्याजोगं नसेल तर? मुलाखत घेणारा मॅनेजर अपमानास्पद वागला असेल, किंवा तिथल्या टीमबद्दल ओळखीच्यांकडून वाईट ऐकलं असेल, तर ते लिहावं का? मेलमध्ये लिहू नये. हा मेल हायरिंग मॅनेजरपर्यंत फॉरवर्ड होतो हे गृहीत धरूनच प्रत्येक वाक्य लिहावं. पण त्यासाठी खोटं बोलायची गरज नसते. कुठल्याही निर्णयामागे एकाहून जास्त खरी कारणं असतात. त्यातलं सांगण्याजोगं निवडावं, आणि असं एकही सापडलं नाही तर ‘दुसरी भूमिका माझ्या पुढच्या दिशेशी जास्त जुळणारी वाटली’ एवढं लिहावं. मुलाखतीतल्या वागण्याबद्दल सांगायचंच असेल तर ते रिक्रूटरला फोनवर, शांतपणे, घडलेल्या गोष्टीपुरतं सांगता येतं. आम्हाला ते कळायलाही हवं असतं. पगार हे कारण असेल तर आणखी एक काळजी घ्या. नकाराचा मेल हे घासाघीस करण्याचं साधन नव्हे. आकडा वाढला तर तुम्ही खरोखर येणार असाल तर नकार देऊच नका. आधी स्पष्टपणे आकडा मागा, उत्तर येऊ द्या आणि मग ठरवा. नकार पाठवायचा आणि ‘थांबा, बोलून बघतो’ असा फोन येण्याची वाट पाहायची, हा डाव रिक्रूटरने शेकडो वेळा पाहिलेला असतो. एखाद्या वेळी पगार वाढतोही, पण त्यानंतर तुमच्या कुठल्याही ‘नाही’वर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मेल. कचेरीत तो इंग्रजीतून जाईल, पण आशय आणि वाक्यांची संख्या एवढीच ठेवावी. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि ‘ऑफरबाबत माझा निर्णय’ असं असावं, म्हणजे शंभर मेलच्या गर्दीतही तो लगेच उघडला जातो. शक्य तर ज्या मेलमधून ऑफर आली त्यालाच उत्तर द्यावं, म्हणजे सगळा संदर्भ एका ठिकाणी राहतो. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरचा मजकूर असा होईल:

‘नमस्कार, सीनियर डेटा इंजिनिअर या पदासाठी सोमवारी पाठवलेल्या ऑफरबद्दल आभार. मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. तुम्हाला पुढची पावलं लगेच उचलता यावीत म्हणून निर्णय झाल्याबरोबर कळवते आहे. मला रिअल-टाइम डेटाच्या कामाकडे वळायचं आहे आणि तशी दुसरी भूमिका मी स्वीकारली आहे. दुसऱ्या फेरीत तुमच्या टीमने जुन्या रिपोर्टिंग व्यवस्थेचं स्थलांतर कसं केलं ते समजावून सांगितलं, ती चर्चा मला फार उपयोगी वाटली. माझे आभार त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत. पुढची साधारण दोन वर्षं मी नोकरी बदलण्याचा विचार करणार नाही. त्यानंतर रिअल-टाइम डेटाची, टीम लीड पातळीची जागा पुण्याच्या पश्चिम भागात किंवा घरून काम करण्याच्या सोयीसह असेल, तर मला जरूर कळवा. माझा वैयक्तिक ईमेल आणि फोन खाली देत आहे. तुम्ही वेळेवर आणि स्पष्ट माहिती देत राहिलात, त्यामुळे ही सगळी प्रक्रिया सोपी झाली. धन्यवाद.’

या मजकुरातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. नकार दुसऱ्याच वाक्यात आहे. तो आभारांच्या तीन ओळींखाली दडवला की वाचणारा मध्येच अंदाज बांधू लागतो. ‘सध्या तरी शक्य होईल असं वाटत नाही’ अशी मोघम रचना टाळली आहे, कारण त्यातून अजून मन वळवता येईल असा अर्थ काढला जातो आणि मग दोन दिवस फोन येत राहतात. दुसऱ्या कंपनीचं नाव आणि तिथला पगार दिलेला नाही. ते सांगायचं बंधन नसतं, आणि फोनवर विचारलं तर ‘निर्णय पगारावर झाला नाही, म्हणून आकडा सांगत नाही’ एवढं उत्तर पुरतं. मुलाखतीतल्या एका ठरावीक चर्चेचा उल्लेख आहे, कारण ‘तुमची कंपनी उत्तम आहे’ हे वाक्य कुठल्याही कंपनीला लिहिता येतं. हा उल्लेख त्या टीमलाच उद्देशून आहे आणि मेल पुढे गेल्यावर मॅनेजरच्या लक्षात तोच राहतो. संपर्कासाठी वैयक्तिक ईमेल दिला आहे, कारण नोकरी बदलली की कंपनीचा पत्ता बंद होतो.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती पुढच्या संधीची ओळ. ‘भविष्यात संधी असेल तर जरूर कळवा’ असं लिहिणाऱ्याने रिक्रूटरवर एक काम ढकललेलं असतं. कुठली संधी, कधी, किती पातळीची, हे त्यानेच ओळखायचं. इथे तिने कामाचा प्रकार, पातळी, ठिकाण आणि काळ अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत. काळ सांगितल्यामुळे दोन महिन्यांनी उगाच फोन येत नाही, आणि दोन वर्षांनी येणारा फोन अपेक्षित असतो. काही जणांना भीती वाटते की इतकं नेमकं सांगितलं तर इतर संधी हातच्या जातील. प्रत्यक्षात उलटं घडतं. रिक्रूटर शोध घेतो तो कौशल्याचा, शहराचा आणि अनुभवाचा. ज्याची नोंद नेमकी तो शोधात वर येतो. थोडी वेगळी जागा असली तरी ‘हिने स्पष्ट सांगितलं होतं, विचारून बघू’ असं म्हणून फोन जातो. मात्र जे खरोखर हवं आहे तेच लिहा. खराडीला कधीच जायचं नसेल तर ‘कुठेही चालेल’ असं लिहू नका.

पाठवण्याचा क्रमही सांभाळावा. आधी फोन, मग तासाभरात मेल आणि शेवटी कंपनीच्या पोर्टलवरचं नकाराचं बटण. नुसतं बटण दाबलं तर रिक्रूटरला यंत्राची सूचना जाते, आणि इतके आठवडे बोललेल्या माणसाने साधं कळवलंही नाही असं वाटतं. नुसता फोन केला तर लेखी पुरावा राहत नाही आणि दाखवायला काही नसल्यामुळे नोंदही अर्धवट राहते. फोनवर आपण दबावाखाली येऊ अशी शंका असेल तर मेल आधी पाठवून लगेच फोन करा. दोन मिनिटांचं बोलणं पुरे. ‘थोडा विचार करा’ असा आग्रह झाला तर ‘मी दुसरीकडे होकार कळवला आहे’ हे वाक्य शांतपणे पुन्हा सांगावं. या वाक्यापुढे चांगला रिक्रूटर ताणत नाही.

सगळ्यात तीव्र आक्षेप वेगळाच असतो. कंपन्या आम्हाला असं वागवतात का? मुलाखतीनंतर महिनोन्‌महिने उत्तर देत नाहीत, कधी दिलेली ऑफर मागे घेतात, जॉइनिंग पुढे ढकलत राहतात. मग आम्हीच का इतकं जपायचं? तक्रार खरी आहे, आणि आमच्या बाजूने ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. उमेदवाराला ताटकळत ठेवणं ही या क्षेत्रातली वाईट सवय आहे. पण तुमच्या मौनाने ती कंपनी सुधारत नाही. त्याचा फटका बसतो तो एका रिक्रूटरला आणि त्या बॅकअप उमेदवाराला. तो तुमच्यासारखाच नोकरी शोधतो आहे, आणि तुम्ही दोन दिवस आधी कळवलं असतं तर कदाचित त्याला ही जागा मिळाली असती. कंपनी खरोखरच वाईट वागली असेल आणि तिथे पुन्हा जायचं नसेल, तर पुढच्या संधीची ओळ लिहू नका. दोन वाक्यांत नकार कळवा आणि विषय संपवा. जे दार तुम्हाला नको आहे ते उघडं ठेवण्याचा देखावा करायची गरज नाही.

आणखी एक शंका अशी की रिक्रूटर स्वतःच वर्ष-दोन वर्षांत नोकरी बदलतात, मग हा संबंध कुणाशी जपायचा? म्हणूनच तो दोन्ही ठिकाणी जपावा. कंपनीत तुमची नोंद राहते, तिच्यासाठी मेलमधलं नेमकेपण. आणि तो माणूस जिथे जाईल तिथे तुमची आठवण घेऊन जातो, त्याच्यासाठी लिंक्डइनवरची ओळख. नकाराच्या मेलबरोबरच ती विनंती पाठवून ठेवावी. खराडीतल्या कंपनीतला रिक्रूटर उद्या बाणेरच्या कंपनीत जातो आणि तिथल्या पहिल्या जागांसाठी आधी आपल्या ओळखीच्या लोकांनाच फोन करतो. त्या फोनला तुम्ही काय उत्तर देता, यावर संबंध टिकतो. जागा नको असेल तर त्याच दिवशी तसं कळवा. ओळखीचं कुणी योग्य असेल तर त्याला विचारून त्याचं नाव सुचवा. मात्र या कारणासाठी दर सणाला शुभेच्छा पाठवण्याची गरज नाही. त्या संदेशांनी कुणाला नोकरी मिळालेली मी पाहिली नाही.

या सगळ्याला मर्यादाही आहे. उत्तम मेल लिहिला म्हणून दोन वर्षांनी बोलावणं येईलच याची हमी नाही. कंपनी भरती थांबवते, कामाची दिशा बदलते, मॅनेजर निघून जातो. मेलच्या हाती एवढंच असतं की जागा निघाली तर तुमचं नाव कुणी गाळू नये आणि शोधायला गेलं तर ते सापडावं. तेवढं साधण्यासाठी लिहायला लागतात पंधरा मिनिटं. म्हणून ऑफर नाकारायची वेळ आली तर आभारांचे शब्द शोधत बसू नका. दुसरं लेटर हातात आलं की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कळवा, कारण एका वाक्यात खरं लिहा, आणि पुन्हा बोलवायचं असेल तर कुठल्या कामासाठी आणि कधी, ते स्पष्ट सांगा.